चालत किती वेळ लागेल? अंतर, चढ आणि पायऱ्या यांचा वेगवेगळा हिशोब

"दोन किलोमीटर तर आहे, पंचवीस मिनिटांत पोहोचू" हा अंदाज सपाट रस्त्यावर बहुतेक वेळा बरोबर येतो. त्याच दोन किलोमीटरच्या शेवटी टेकडी आणि दोन-अडीचशे पायऱ्या असतील, तर तोच माणूस पाऊण तासाने, धापा टाकत पोहोचतो. अंतर मोजण्यात त्याची चूक झालेली नसते. चढाला लागणारा वेळ त्याने हिशोबात धरलेलाच नसतो, किंवा "थोडा चढ आहे, पाच मिनिटं जास्त" असं म्हणून उडवून लावलेला असतो.

हा वेळ आधी काढता येतो आणि त्यासाठी कागदावर तीन-चार ओळींचं गणित पुरतं. मात्र आडवं अंतर आणि उभी उंची यांचा हिशोब वेगळा करायचा आणि शेवटी बेरीज मारायची. "चढ असल्यामुळे वेग जरा कमी धरू" अशा सरासरीने काम भागत नाही, कारण चढ कमी आहे की जास्त हे त्या सरासरीत बुडून जातं.

दोन आकडे: बारा आणि एक

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला. दर ३ मैलांना एक तास धरायचा आणि चढलेल्या दर २,००० फुटांना आणखी एक तास जोडायचा. आपल्या मापांत आणून थोडं गोल केलं, तर दर किलोमीटरला १२ मिनिटं आणि दर १० मीटर चढाला आणखी १ मिनिट. डोंगरात फिरणारे लोक आजही सुरुवात याच नियमापासून करतात.

मी वेग ताशी किलोमीटरमध्ये न धरता किलोमीटरला मिनिटांत धरतो, कारण त्यात भागाकार करावा लागत नाही. १२ मिनिटं म्हणजे ताशी ५ किलोमीटर, १५ मिनिटं म्हणजे ताशी ४ आणि २० मिनिटं म्हणजे ताशी ३. किलोमीटरला १५ मिनिटं लागत असतील तर ६०० मीटरला ९ मिनिटं, हे चालता चालता तोंडी निघतं.

नेस्मिथच्या आकड्यांतून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. १ मीटर उंची चढायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात सपाटीवर साधारण ८ मीटर चालून होतं. म्हणजे ५० मीटरची टेकडी वाटेत असेल, तर वेळेच्या हिशोबाने वाट ४०० मीटरने लांबली असं समजायचं. घाईत नकाशा पाहताना मला हीच रीत सर्वांत सोयीची वाटते.

पण बारा आणि एक हे आकडे धडधाकट, डोंगराची सवय असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचे आहेत. ते जसेच्या तसे वापरले तर अनेकांना वेळ कमी पडेल. म्हणून आधी स्वतःचे दोन आकडे काढायचे.

स्वतःचे आकडे कसे काढायचे

सपाटीचा आकडा काढणं सोपं आहे. अंतर माहीत असलेला एक-दीड किलोमीटरचा सपाट तुकडा निवडा आणि घड्याळ लावून चाला. दोन पथ्यं पाळा. पहिलं, प्रत्यक्ष जाताना जे बूट आणि जी पिशवी असणार आहे, तीच घेऊन चाला. दुसरं, मोजतोय म्हणून पाय उचलू नका. घड्याळ लावलं की माणूस नकळत जोरात चालतो आणि मग तो आकडा फक्त मोजमापाच्या दिवसापुरता खरा राहतो. शेजारच्याशी सहज बोलता येईल इतपत चाल ठेवली तर हा धोका टळतो.

अंतर माहीत असलेला तुकडा जवळ नसेल, तर पावलं मोजूनही जमतं. वीस पावलं टाकून झालेलं अंतर टेपने मोजा आणि वीसने भागा. आरामात चालणाऱ्या प्रौढाचं पाऊल बहुधा ७० सेंटिमीटरच्या आसपास निघतं. मिनिटाला अशी १०० पावलं पडत असतील तर मिनिटाला ७० मीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वाचौदा मिनिटं.

चढाचा आकडा काढायला जिना लागतो, कारण जिन्याची उंची अचूक मोजता येते. एका पायरीची उभी उंची मोजपट्टीने मोजा. इमारतीतली पायरी सहसा १५ ते १८ सेंटिमीटर असते. समजा १७ सेंटिमीटरच्या १८० पायऱ्या आहेत, तर चढ सुमारे ३० मीटर झाला. न थांबता, एका चालीने वर जा आणि वेळ बघा. समजा ४ मिनिटं ३५ सेकंद लागली. यातला काही वेळ आडवं जाण्यात गेला आहे. प्रत्येक पायरी पावभर मीटरपेक्षा थोडी जास्त खोल, त्यात लँडिंगवरची वळणं, असं मिळून ७५ मीटर आडवं अंतर झालं असेल. सपाटीचा आकडा किलोमीटरला १३ मिनिटं निघाला असेल, तर त्याचं एक मिनिट वजा करा. उरलेल्या साडेतीन मिनिटांवर थोड्या सेकंदांना ३ ने भागलं, की दर १० मीटर चढाला १.२ मिनिटं मिळतात.

दोन-तीन मजल्यांवर ही चाचणी घेऊ नका. पहिल्या मिनिटात कोणीही झपाझप चढतो, कारण धाप लागायला तेवढा वेळ जातोच. खरी चाल दोन-तीन मिनिटांनंतर कळते. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर ही चाचणी नकोच. मग १० मीटरला २ मिनिटं धरा आणि विश्रांतीचा वेळ त्याशिवाय वेगळा जोडा.

अंतर: सरळ रेषेवर विसंबू नका

नकाशावर दोन ठिपक्यांमधली सरळ रेषा मोजली तर अंतर नेहमी कमी येतं. किती कमी, हे रस्त्यांच्या रचनेवर ठरतं. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांच्या वस्तीत चालण्याचं अंतर सरळ रेषेच्या जास्तीत जास्त १.४ पट होतं आणि सगळ्या दिशांचा विचार केला तर सरासरीने १.३ पटीच्या जवळ जातं. वाटेत नदी, रेल्वेचे रूळ किंवा लांबलचक कुंपण असेल तर हा गुणक निरुपयोगी आहे. तिथे पूल किंवा फाटक कुठे आहे ते शोधून त्या वाटेनेच मोजावं लागतं.

टेकडीवर ही तफावत आणखी वाढते. वळणं घेत चढणारा रस्ता सरळ रेषेच्या दुप्पट-तिप्पट लांब असू शकतो. त्यामुळे तिथे पायवाट किंवा पायऱ्यांची वाट जवळची दिसते आणि पुष्कळदा ती खरंच लवकर पोहोचवते. उंची दोन्ही वाटांनी तेवढीच चढायची असते, म्हणून चढाचा खर्च जवळपास सारखा येतो आणि वाचतं ते आडवं अंतर. रस्त्याने १,२०० मीटर आणि पायवाटेने ४०० मीटर असेल, तर ८०० मीटर म्हणजे दहा मिनिटं वाचली. पायवाट निसरडी किंवा फार उभी असेल तर मात्र ही बचत तिथेच खर्च होते.

चढ: वर जाणारा प्रत्येक तुकडा मोजायचा

सर्वांत मोठी चूक इथे होते. निघण्याची जागा २० मीटर उंचीवर, पोहोचण्याची ७० मीटरवर, म्हणून चढ ५० मीटर, असं लोक धरतात. मधे रस्ता ५५ मीटरपर्यंत चढून ४० पर्यंत उतरत असेल आणि मग पुन्हा ७० वर जात असेल, तर आपण आधी ३५ आणि नंतर ३०, असे ६५ मीटर चढतो. मधे उतरलेले १५ मीटर पुन्हा चढावे लागले, त्यांची किंमत द्यावीच लागते. डोंगराळ भागात अशा चार-पाच घळी पार केल्या, तर खरा चढ दोन टोकांच्या फरकाच्या दुप्पटही होतो.

हे काढण्यासाठी समोच्च रेषांचा नकाशा घ्या. आपली वाट जिथे जिथे या रेषा ओलांडून वर जाते, तिथे तेवढ्या रेषा मोजा आणि दोन रेषांमधल्या उंचीने गुणा. तो फरक १० मीटर आहे की २० मीटर, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि ते न पाहता मोजलं तर सगळा हिशोब दुप्पट किंवा निम्मा होऊन बसतो. फोनवर आखलेल्या वाटेसोबत चढाचा आलेख येत असेल तर काम सोपं होतं. मात्र आधी चालताना फोनने नोंदवलेला एकूण चढ डोळे झाकून घेऊ नका. उपग्रहावरून काढलेली उंची जागच्या जागी काही मीटर वरखाली होत राहते. ती प्रत्येक थरथर चढ म्हणून जमा झाली, की सपाट रस्त्यावरही कित्येक मीटरचा चढ दिसू लागतो.

आता या नियमाची एक मर्यादा. नेस्मिथचा नियम सौम्य चढाला जरा जास्तच वेळ देतो. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९९३ मध्ये उतारानुसार चालण्याच्या वेगाचं एक सूत्र दिलं. त्याप्रमाणे सपाटीवर वेग ताशी ५ किलोमीटर असेल, तर १०० मीटर अंतरात १० मीटर चढणाऱ्या वाटेवर तो साडेतीनवर येतो. म्हणजे किलोमीटरला १७ मिनिटं. तिथेच नेस्मिथ २२ मिनिटं सांगतो. गुळगुळीत, सौम्य चढाच्या रस्त्यावर मला टोब्लरचा आकडा जास्त पटतो. तिथे चढाचा वेळ निम्मा धरला तरी चालतो, पण पिशवी जड असेल किंवा रस्ता खडबडीत असेल तर पूर्ण धरा. दोन्ही आकडे काढून ठेवले तर अंदाजाचं खालचं आणि वरचं टोक आपोआप मिळतं.

टोब्लरच्या सूत्रात सर्वांत जास्त वेग सपाटीवर येत नाही, तर अगदी हलक्या उतारावर, १०० मीटरला ५ मीटर उतरताना येतो. त्यापेक्षा तीव्र उतारावर पाय आवरते घ्यावे लागतात आणि वेग पुन्हा कमी होत जातो. गिर्यारोहक एरिक लँगमुर यांनी नेस्मिथच्या नियमाला हीच पुरवणी जोडली. ५ ते १२ अंशांच्या उतारावर दर ३०० मीटर उतरण्यामागे १० मिनिटं वजा करायची आणि १२ अंशांहून उभ्या उतारावर तेवढीच १० मिनिटं वाढवायची. रोजच्या चालण्यात पहिला भाग सोडून दिला तरी काही बिघडत नाही. दुसरा भाग मात्र जिने उतरताना लागतो.

पायऱ्या

पायऱ्यांची गंमत अशी की त्या नकाशावर जवळपास दिसतच नाहीत. २४० पायऱ्यांचा जिना वरून पाहिला तर ऐंशी मीटरची रेघ असते. सपाट वाटेचा वेग लावला तर त्याला एक मिनिट लागायला हवं. प्रत्यक्षात सहा-सात मिनिटं जातात.

पायऱ्यांचं मीटरमध्ये रूपांतर करायला एक आकडा लक्षात ठेवा. साधारण ६ पायऱ्या म्हणजे १ मीटर. त्यामुळे नेस्मिथच्या हिशोबाने ६० पायऱ्यांना चढाचं १ मिनिट, आणि पुढे सरकण्याची दहा-बारा सेकंदं वेगळी. इमारतीचा एक मजला साधारण ३ मीटर, म्हणजे १८ ते २० पायऱ्या. सहाव्या मजल्यावर जायचं असेल तर पाच किंवा सहा मजले चढायचे हे आधी बघा, कारण तळमजल्याची गणती सगळीकडे एकसारखी नसते.

जुन्या दगडी पायऱ्यांना हा आकडा लावू नका. त्यांची उंची २० ते २५ सेंटिमीटर असू शकते आणि मग चार-पाच पायऱ्यांतच मीटर होतो. शिवाय त्या एकसारख्या नसतात. प्रत्येक पायरीला पाय कुठे ठेवायचा ते बघावं लागतं आणि चालीची लय तुटते. अशा वाटेवर चढाच्या वेळेत मी आणखी पावपट घालतो. रुंद पायऱ्या, ज्यांवर दोन पावलं टाकल्यावर पुढची पायरी येते, त्या उलट सोप्या असतात. तिथे पायऱ्या विसरून उंची आणि अंतर एवढंच धरायचं.

उतरताना इमारतीतल्या जिन्यावर, लँगमुरच्या पुरवणीप्रमाणे, दर मीटरला २ सेकंद जास्त धरा. २४० पायऱ्यांना हे दीड मिनिटाच्या आतच येतं. गुडघे दुखणाऱ्याला किंवा कठडा धरून उतरणाऱ्याला मात्र उतरायलाही चढण्याइतकाच वेळ लागू शकतो. त्याच्यासाठी दोन्हीकडे चढाचाच आकडा वापरा.

एक पूर्ण हिशोब

समजा टेकडीवरच्या एका इमारतीत दहा वाजता पोहोचायचं आहे. चालणाऱ्याचे आकडे वर काढले तेच: किलोमीटरला १३ मिनिटं, १० मीटर चढाला १.२ मिनिटं. वाटेचे तीन तुकडे आहेत.

पहिला तुकडा ९०० मीटरचा सपाट रस्ता, वाटेत दोन सिग्नल. चालण्याची पावणेबारा मिनिटं आणि सिग्नलवर थांबण्याची दोन. एकूण सुमारे १४ मिनिटं.

दुसरा तुकडा चढाचा रस्ता, १,१०० मीटर. हा वर सांगितलेलाच, मधे खाली उतरून पुन्हा चढणारा, म्हणजे ६५ मीटर चढ. अंतराची १४.३ मिनिटं आणि चढाची ७.८, मिळून २२ मिनिटं. मधला उतार सौम्य आहे, म्हणून त्यासाठी काही वजा केलं नाही.

तिसरा तुकडा २४० पायऱ्या, प्रत्येकी १८ सेंटिमीटर. चढ ४३ मीटर, त्याची सव्वापाच मिनिटं. आडव्या ८० मीटरचं एक मिनिट. वाटेत एकदा थांबून दम घ्यायची दोन मिनिटं. मिळून ८ मिनिटं आणि थोडे सेकंद.

बेरीज ४४ मिनिटं. यातली चालण्याच्या अंतराची मिनिटं फक्त २७. उरलेली १७ मिनिटं चढ, थांबणं आणि दम खाणं यांत गेली, आणि नुसतं अंतर बघणाऱ्याच्या हिशोबातून नेमकी हीच १७ मिनिटं गळतात.

४४ हा एकच आकडा घेऊन निघू नका. रस्त्याचा चढ सौम्य आहे, म्हणून टोब्लरप्रमाणे तिथला चढाचा वेळ निम्मा धरला तर चार मिनिटं कमी होऊन ४० येतात. हे खालचं टोक. वरचं टोक काढायला एक पंचमांश वाढवा, म्हणजे ५३ मिनिटं. त्यात ऊन, गर्दी, वाट चुकून परत फिरणं, बुटाची नाडी सगळं मावतं. दहाला हजर राहायलाच हवं असेल तर ५३ धरून नऊ वाजून पाच मिनिटांनी निघा. थोडा उशीर चालणार असेल तर सव्वानऊ.

एकटा नसाल तर सगळे आकडे सर्वांत हळू चालणाऱ्याचे घ्या, सरासरीचे घेऊ नका. घोळक्याचा वेग त्याच्याच हातात असतो. शिवाय घोळका थांबतो फार: एक जण पाणी प्यायला थांबला की सगळे थांबतात. लहान मूल बरोबर असेल तर सूत्र बाजूला ठेवा आणि मागच्या वेळी त्याच्याबरोबर किती वेळ लागला होता तोच आकडा धरा.

वाटेत तपासणी

तुकडे पाडण्याचा खरा फायदा चालताना दिसतो. पहिल्या तुकड्याला १४ मिनिटं धरली होती आणि १७ लागली, तर लगेच ठरवायचं की जास्तीची तीन मिनिटं सिग्नलवर गेली की चालण्यात. सिग्नलवर गेली असतील तर ती एकदाच गेली, पुढचा हिशोब तसाच राहतो आणि पोहोचण्याची वेळ तीन मिनिटांनी सरकते. चालण्यात गेली असतील तर आज चालच मंद आहे. बारा मिनिटांच्या जागी पंधरा, म्हणजे पावपट जास्त. पुढच्या ३० मिनिटांतही तीच पावपट लागणार आणि एकूण उशीर साडेदहा मिनिटांचा होणार. हे टेकडीच्या पायथ्याशीच कळलं तर फोन करून सांगता येतं किंवा रिक्षा-लिफ्ट काही मिळते का ते बघता येतं. पायऱ्यांवर पळून हा वेळ भरून काढायला जाऊ नका. तिथे मिळवलेलं मिनिट वर जाऊन धाप खाली बसेपर्यंत परत जातं.

चढावर एक खूण कामाची आहे. बोलताना वाक्य मधे तोडून श्वास घ्यावा लागत असेल, तर तुम्ही मोजलेल्या चालीपेक्षा जोरात चढताय आणि लवकरच थांबाल. थांबत थांबत जोरात चढण्यापेक्षा एका मंद चालीने चढणारा बहुधा आधी पोहोचतो.

काही वाटांवर हा हिशोब लागू पडत नाही. मऊ वाळू, चिखल, बर्फ, हात टेकून चढावे लागणारे खडक, अंधार आणि विरळ हवेची उंची, या ठिकाणी चढाबरोबर सपाटीचा आकडाही कोलमडतो. पायवाट सोडून रानातून जायचं असेल तर टोब्लर वेगाला ०.६ ने गुणायला सांगतात, म्हणजे सपाटीला किलोमीटरमागे १२ च्या जागी २० मिनिटं.

परतीचा वेळ

परतीचा वेळ जाण्याच्या वेळेइतका धरू नका, आणि नुसत्या अंतराचाही धरू नका. वरच्याच वाटेने परत येताना अंतराची २७ मिनिटं तीच राहतात. पायऱ्या उतरताना दीड मिनिट जास्त. रस्त्यातला तो मधला १५ मीटरचा उतार आता चढ होतो, त्याची जवळपास दोन मिनिटं. सिग्नलची दोन. एकूण ३२ ते ३३ मिनिटं, म्हणजे जाण्यापेक्षा अकरा-बारा मिनिटं कमी. टेकडीवरून शेवटची गाडी पकडायला उतरायचं असेल तर इथेही पंचमांश वाढवून ३९ धरा. पायऱ्या ओल्या असतील तर त्यांच्या वेळेपुरते आकडे दुप्पट करा.